बरोबरीच्यांना काम सांगताना जीभ अडते

राऊकर (मंगळवार, रात्री ११:४०)

मंडळी, इंदूरजवळ पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासणीला आहे. नऊ वर्षं केमिस्ट म्हणून काढली, जूनपासून तयार गोळ्यांच्या सेक्शनचा इन्चार्ज झालोय. हाताखाली सहा जण. दोन ट्रेनी मुली सोडल्या तर बाकी चौघं कालपरवापर्यंत माझ्याच बाकावरचे. एकाच बसने राजेंद्रनगरहून जातो, एकमेकांच्या डब्यातलं खातो.

अडचण अशी की काम सांगायची वेळ आली की तोंडातून "बघ रे, जमलं तर हे पण लाव आज" एवढंच निघतं. अर्थातच जमत नाही. मग सहाला ते सगळे बसमध्ये बसतात आणि मी परत आत जाऊन एचपीएलसी मशीनवर चाचणी लावतो. घरी यायला रात्रीचे साडेनऊ.

गेल्या गुरुवारी कहर झाला. माझा जुना दोस्त (त्याला राजन म्हणू) स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्याशी नमुना ताडून बघतो ते द्रावण, बनवत होता. शंभर मिलीचा फ्लास्क, खुणेपर्यंत भरायचा. बोलता बोलता भरत होता, आता पुढे जाणार असं मला वाटलं आणि मी "अरे दे इकडे" म्हणून फ्लास्क त्याच्या हातातून काढून घेतला. दोन्ही ट्रेनी बघत होत्या. त्याने शांतपणे ग्लव्ह्ज काढले आणि म्हणाला, "लीजिए सर, आप ही कर लीजिए." नऊ वर्षांत आमच्यात मराठीशिवाय शब्द झालेला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा हिंदी, पहिल्यांदा सर, पहिल्यांदा आप.

दुसरे आहेत दादा. माझ्यापेक्षा सात वर्षं जुने, याच जागेसाठी तेही होते. सांगितलेलं काम चोख करतात, पण न सांगितलेल्या कामाला हात लावत नाहीत.

मैत्री न घालवता यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं?

---

चक्रम_भिया (मंगळवार, ११:५२)

प्रमोशनची पार्टी दिली का? नसेल तर उत्तर तिथेच आहे. सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी खाऊ घाल, उद्या दुप्पट स्टँडर्ड बनवून देतील.

---

किल्लेदार (बुधवार, सकाळी ६:१५)

ग्वाल्हेरला गोदाम सांभाळतो, पंधरा माणसं. स्पष्ट बोलतो. तुमची चूक बसमध्येच आहे. ती बस सोडा, डबा वेगळा खा, सगळ्यांना आप म्हणा. जोवर तुम्ही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसताय तोवर तुमचा शब्द हा शब्द नाही, विनंती आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मित्र संध्याकाळी सातनंतर. एक महिना तोंडं वाकडी झाली, मग सगळं सरळ.

---

मृद्गंधा (बुधवार, ९:३०)

किल्लेदार, शब्द विनंती झालाय हे पटलं, पण त्याला बस कारण नाही. "जमलं तर" कारण आहे. 'जमलं तर' म्हटलं की ऐकणाऱ्याला सुटका मिळते आणि सांगणाऱ्यालाही, कारण तो नाही म्हणाला तर आपला अपमान होत नाही. मी विजयनगरच्या एका आयटी कंपनीत लीड झाले तेव्हा सहा महिने हेच करत होते. वर स्वतःची समजूत अशी की मी किती समंजस.

शेवटी एका मैत्रिणीनेच सुनावलं. "तू मला काम देत नाहीस, संकोच देतेस. तुला नक्की काय हवंय तेच कळत नाही. मी केलं तर तू उपकार मानतेस आणि नाही केलं तर रुसतेस." तेव्हापासून सांगताना तीनच गोष्टी बोलते: काय हवंय, कधीपर्यंत, आणि मध्ये मी कधी विचारणार. तिसरी सगळ्यात कामाची. मी बुधवारी चारला विचारेन असं आधी सांगितलं की बुधवारचं विचारणं पाळत ठेवणं वाटत नाही. आणि त्याच्या आधी मला विचारता येत नाही, ही शिस्त माझ्यासाठी.

---

वहिनी_बँकवाल्या (बुधवार, दुपारी १:०५)

अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या शाखेतही हेच, मॅनेजर सगळी कामं माझ्यावर ढकलतात आणि मी नाही म्हणूच शकत नाही. तुमच्यासारखाच उशीर होतो, साडेसातला घरी येते, वर सासूबाईंचा चहा. नाही कसं म्हणायचं ते कुणी सांगेल का?

---

चक्रम_भिया (बुधवार, १:१२)

वहिनी, ते काम घेणारे नाहीत, देणारे आहेत. म्हणजे देता न येणारे.

---

वहिनी_बँकवाल्या (बुधवार, १:२०)

अय्या हो. सॉरी. पण माझा प्रश्न तसाच आहे.

---

बडोद्याचे_आजोबा (बुधवार, रात्री ९:४५)

मी बडोद्याच्या औषध कारखान्यांत एकतीस वर्षं काढली, आधी क्यूसी, शेवटी कागदांना मंजुरी देणारा क्यूए विभाग. राऊकर, स्वभावाकडे आपण नंतर येऊ. आधी तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरं द्या.

एक, तुमच्या सेक्शनमध्ये अशा किती चाचण्या आहेत ज्यांच्या ट्रेनिंग रेकॉर्डवर फक्त तुमचं नाव आहे?
दोन, तुम्ही रात्री स्वतः लावता त्या अ‍ॅनालिसिसचा रिव्ह्यू कोण करतं?
तीन, आत्ता तुमच्या टेबलावर रिव्ह्यूची वाट बघत किती बॅच पडल्या आहेत?

---

राऊकर (बुधवार, १०:३०)

आजोबा, तिसऱ्या प्रश्नाला घाम फुटला.
एक: पाच. त्यातली एक जीसी मशीनवरची, गोळीत उरलेलं सॉल्व्हंट बघायची.
दोन: शेजारच्या सेक्शनचा इन्चार्ज. त्याच्या पाया पडून.
तीन: चौदा.

---

बडोद्याचे_आजोबा (गुरुवार, सकाळी ७:१०)

मग तुमचा संकोच हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं कागदावर आहे.

त्या पाच चाचण्या तुम्ही कुणाला सांगूच शकत नाही, मैत्री असो वा दुश्मनी. जो त्या पद्धतीवर क्वालिफाय नाही त्याने ती करायची नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्या पाच चाचण्यांवर आणखी दोन-दोन नावं चढवणं. कृती तुम्हाला ठाऊक आहे. आधी तपासून झालेली बॅच घ्यायची, नव्या माणसाने स्वतंत्रपणे तीच चाचणी करायची, दोघांच्या निकालातला फरक तुमच्या एसओपीच्या मर्यादेत बसला की कागदावर सही. जीसीला आठवडा जाईल, बाकीच्यांना त्याहून कमी. हा आठवडा तुम्हाला परवडत नाही असं वाटेल. प्रत्येक नव्या इन्चार्जला वाटतं, म्हणून तो दोन वर्षं एकटा जीसी चालवतो.

दुसरं, तुम्ही रात्री बसून एक बॅच लावता तेव्हा तुम्हाला काम उरकल्यासारखं वाटतं. हिशेब करा. तयारी, मोबाइल फेजचं द्रावण, सहा इंजेक्शनं मारून सिस्टिम सुटेबिलिटी, मग नमुने: तुमचे चार तास गेले. एका बॅचचा रिव्ह्यू करायला, म्हणजे वजनाच्या पावत्या, क्रोमॅटोग्राम, इंटिग्रेशन, ऑडिट ट्रेल, आकडेमोड, सगळं नीट पाहायला पाऊण तास धरू. त्या चार तासांत पाच बॅच तुमच्या टेबलावरून हलल्या असत्या. वर तुम्ही केलेलं तुम्हाला तपासता येत नाही, म्हणून ती बॅच शेजाऱ्याच्या टेबलावर जाऊन पडते. एक काम उरकून तुम्ही दोन टेबलं अडवता. आणि तुमच्या माणसांना दिसतं ते एवढंच की आपण दिलेला डेटा तीन दिवस झाले तरी याने उघडलेला नाही.

---

मृद्गंधा (गुरुवार, १०:०२)

दंडवत. वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे हेच कोड रिव्ह्यूचं होतं.

---

किल्लेदार (गुरुवार, ११:४०)

एवढं अवघड कशाला करता? रिव्ह्यूचा ढीग आहे ना, मग त्या दादांना आपला लॉगिन पासवर्ड द्या, ते तुमच्या नावाने बघून टाकतील. त्यांनाही मान, तुम्हालाही वेळ. आम्ही गोदामात असंच करतो.

---

बडोद्याचे_आजोबा (गुरुवार, दुपारी १२:०५)

राऊकर, हे वाचून झाल्यावर विसरून जा.

किल्लेदार, राग मानू नका, गोदामाचं मला माहीत नाही. औषधाच्या लॅबमध्ये एकाच्या लॉगिनवर दुसऱ्याने काम केलं तर तो डेटा कुणाचा हेच सांगता येत नाही. तपासणीला आलेला माणूस फार खोलात जात नाही. हजेरीचं रजिस्टर आणि ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय केलं त्याची संगणकातली नोंद, शेजारी ठेवतो. साहेब रजेवर आणि साहेबांची सही दुपारी तीनची. तिथून पुढे सगळ्याच बॅचवर संशय.

पण किल्लेदारांच्या म्हणण्यातला एक धागा धरण्यासारखा आहे. दादांना रिव्ह्यू द्याच, पण त्यांच्या स्वतःच्या नावाने. त्यांना रीतसर रिव्ह्यूअर म्हणून ट्रेनिंग, क्यूएची मंजुरी, सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा वेगळा अधिकार. सुरुवातीला एक-दोन प्रॉडक्टपुरतंच. ज्या बॅचवर त्यांनी स्वतः काम केलंय ती त्यांच्याकडे जाणार नाही, एवढं रोस्टर लावताना बघा.

---

किल्लेदार (गुरुवार, १२:३०)

प्रतिसाद काढून टाकू का? राहू दे. चुकलो ते दिसू दे.

---

चक्रम_भिया (गुरुवार, १२:३३)

ग्वाल्हेरचा किल्ला पडला. इतिहासात नोंद घ्या.

---

मागचा_बाक (गुरुवार, रात्री १०:५०)

एरवी वाचनमात्र असतो. आज लिहितोय, कारण मी राऊकरांच्या गोष्टीतला दादा आहे. म्हणजे तो नव्हे, पण तसाच. देवासच्या एका कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब झाला.

त्याने काय केलं सांगतो. पहिले तीन महिने माझ्याशी त्या विषयावर बोललाच नाही. मला वाईट वाटेल म्हणून मला अवघड काम देणं बंद केलं. पीएच बघा, वजनकाट्याचं रोजचं कॅलिब्रेशन बघा. त्याला वाटलं तो माझा मान राखतोय. मला वाटलं हा मला अडगळीत टाकतोय. मीही ठरवलं, सांगेल तेवढंच करायचं. तेव्हा दादा न सांगितलेल्या कामाला हात लावत नाहीत, हे जरा उलटं करून बघा. तुम्ही त्यांना सांगता काय?

आमचं सुटलं ते एका बोलण्याने. त्याने मला कॅन्टीनमध्ये नाही, बसमध्ये नाही, त्याच्या टेबलाशीही नाही, बाहेर बागेच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "ही जागा तुम्हालाही मिळू शकत होती हे मला माहीत आहे. मी त्यावर काही बोललो नाही ते चुकलं. मला दोन गोष्टी तुमच्याइतक्या येत नाहीत." आणि त्या दोन गोष्टी नाव घेऊन सांगितल्या, उगाच कौतुक नाही. पुढे म्हणाला, "त्या तुम्ही पूर्ण बघाल का? नको असेल तर नाही म्हणा, मी दुसरी सोय करेन."

मी लगेच हो म्हटलं नाही. चार दिवस घेतले. त्याने ते चार दिवस आठवण केली नाही, हे मला जास्त आवडलं.

राग गेला का? पूर्ण नाही. आजही पगाराच्या दिवशी वाटतं. पण काम नीट चालतं.

---

राऊकर (गुरुवार, ११:२५)

हे तीनदा वाचलं. जूनपासून दादांना मी दिलेली कामं आठवून लिहिली. डिसइंटिग्रेशन, फ्रायेबिलिटी, लॉगबुक. सोळा वर्षं एचपीएलसी केलेल्या माणसाला.

---

सुगरण_सराफा (शुक्रवार, सकाळी ८:००)

मला लॅबमधलं काही कळत नाही, पण फ्लास्कचं कळलं. सून पोळ्या लाटत असताना मी लाटणं घेतलं होतं हातातून. ती आजही गुरुवारी पोळ्या करत नाही, का ते मी विचारत नाही.

---

मृद्गंधा (शुक्रवार, ९:४०)

सुगरणताई, धागा तुमच्या नावावर करा. पण राऊकर, तो फ्लास्क खुणेच्या वर गेला असता तर नक्की काय झालं असतं?

---

राऊकर (शुक्रवार, १०:१५)

टाकून नवीन बनवावा लागला असता. वीस मिनिटं. राजनला माझ्यापेक्षा आधी कळलं असतं.

---

बडोद्याचे_आजोबा (शुक्रवार, रात्री ८:३०)

हाच फरक आधी ठरवून ठेवायचा. कुठली चूक वीस मिनिटांची आणि कुठली बॅच अडवणारी. वीस मिनिटांच्या चुका त्यांना करू द्या, तिथे तुमचं तोंड बंद. उलट निकाल मर्यादेबाहेर आला तर लगेच मला सांगा, द्रावणं फेकू नका, परत इंजेक्शन मारू नका. यावर मैत्री, वय, अनुभव काही चालत नाही, आणि हे काम देतानाच सांगून ठेवायचं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही मध्ये पडलात तर तो अविश्वास वाटत नाही.

राजनला सुट्टं काम देऊ नका, अख्खी गोष्ट द्या. तुमच्याकडे स्टॅबिलिटीचे नमुने कोण बघतं?

---

राऊकर (शुक्रवार, ९:०५)

मीच. एक्सेलमध्ये तारखा, गोळी किती टिकते ते बघायला चेंबरमध्ये ठेवलेले नमुने काढायचे, मग ज्याला वेळ असेल त्याला "बघ रे" करून द्यायचे. नमुना काढल्यापासून ३० दिवसांत चाचणी पूर्ण व्हायला हवी असं आमच्या एसओपीत आहे. दर महिन्याला शेवटच्या आठवड्यात पळापळ.

---

बडोद्याचे_आजोबा (शुक्रवार, ९:३०)

ते अख्खं राजनला. तारखांची फाइल, नमुने काढणं, कुणी कुठला लावायचा, रिपोर्ट क्यूएकडे जाईपर्यंत. कुठला नमुना आधी, कुठल्या मशीनवर, कुठल्या ट्रेनीची मदत घ्यायची, हे त्याने ठरवायचं, तुम्हाला विचारायचं नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फक्त एक प्रश्न विचारायचा: विसाव्या दिवसाच्या पुढे गेलेले किती?

आणि बाकीच्यांना तुम्ही स्वतः सांगा की स्टॅबिलिटीचं राजन सांगेल. हे राहिलं तर तो बिचारा तुमच्याच जागी येतो. त्यालाही मग "जमलं तर बघ" करावं लागतं.

---

किल्लेदार (शनिवार, ७:२०)

हे शेवटचं पटलं. आमच्याकडे सुपरवायझर नेमला आणि सांगितलंच नाही कुणाला, तीन दिवस हमाल त्याला विचारत होते, "तू कोण रे?"

---

*(तीन आठवड्यांनंतर)*

राऊकर (रविवार, सकाळी १०:१०)

पोहे खाऊन लिहायला बसलोय. धागा वर काढतो, हिशेब द्यायला हवा.

पहिलं राजन. माफी मागायला गेलो तर म्हणाला, "राहू दे ना यार." मी राहू दिलं नाही. त्याच दोन ट्रेनींसमोर सांगितलं की त्या दिवशी फ्लास्क ओढून घेणं चूक होतं. कान गरम झाले होते माझे. मग स्टॅबिलिटी दिली. पहिल्या आठवड्यात त्याने नमुन्यांचा क्रम मी लावला असता त्याच्या अगदी उलटा लावला. रात्री घरून फोन हातात घेतला होता, बायकोने काढून घेतला. (हो, हातातून.) सोमवारी कळलं की ज्या दोन प्रॉडक्टना एकच मोबाइल फेज चालते ती त्याने पाठोपाठ लावली होती, एक दिवस वाचला. विसाव्या दिवसापुढचे पहिल्या आठवड्यात सहा होते, आता दोन.

चूकही झाली. एक नमुना काढायची तारीख हुकली, दोन दिवस. एसओपीतल्या मुदतीत बसलं, पण मी बोललो, आणि बहुतेक गरजेपेक्षा मोठ्याने. तो म्हणाला, "सोमवारच्या दहा मिनिटांत बोलायचं ठरलं होतं ना?" बरोबर होता.

दादांशी बोललो. बागेचा बाक आमच्याकडे नाही, बॉयलरच्या मागे पिंपळाखाली. दोन गोष्टी नाव घेऊन सांगितल्या: इंटिग्रेशन बघण्यात आणि जीसीत ते माझ्यापुढे आहेत. रिव्ह्यूअर व्हाल का विचारलं. ते म्हणाले, "पगार वाढेल का?" मी म्हटलं, माझ्या हातात नाही, अप्रेझलला लिहीन. ते म्हणाले, "बघतो." क्यूएकडे कागद गेलाय, मंजुरी यायचीय. ट्रेनिंगला मात्र वेळेवर येतात. परवा माझ्या एका जुन्या रिव्ह्यूमध्ये सुटलेली वजनाची पावती त्यांनी दाखवली. पहिल्यांदा हसले.

टेबलावर चौदाच्या पाच झाल्या. जीसीवर एक नाव चढलं, दुसऱ्याचे निकाल जुळले नाहीत, परत करतोय.

---

मागचा_बाक (रविवार, ११:३०)

"बघतो" म्हणाले ना? म्हणजे आहेत ते.

आणि पगाराचं खरं बोललात ते बरं केलंत. आमच्या साहेबाने तेव्हा "करू काहीतरी" म्हटलं होतं. ते मला अजून आठवतं.

---

वहिनी_बँकवाल्या (रविवार, १२:१५)

राऊकर, मी पण केलं बरं का. मॅनेजरांना विचारलं, आजच्या तीन कामांपैकी कुठलं उद्यावर ढकलू? ते गोंधळले. पण एक ढकललं.

---

किल्लेदार (रविवार, दुपारी ३:००)

सगळं छान. पण बसचं काय ठरलं?

---

राऊकर (रविवार, ३:२०)

बस तीच आहे. आठवड्यातून चार दिवस सहाची मिळते आता. मागच्या सीटवर पत्ते चालायचे आमचे, मी गेलो की जरा गप्प होतात, रजा आणि अप्रेझलचे विषय बंद. साहजिक आहे. रोज जाऊन बसावं की पुढे बसून घ्यावं, अजून कळलेलं नाही. राजन मराठीत बोलतो, पण चौघांत असला की अजून "सर" म्हणतो.

---

चक्रम_भिया (रविवार, ३:२४)

पार्टी अजून बाकी आहे, एवढंच नमूद करतो.